पुरस्कार सोहळ्याची स्क्रिप्ट: 120 मिनिटांचा कार्यक्रम 160 मिनिटांचा का होतो, आणि तो वेळेत कसा बसवायचा

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न असा होता: "सर, अँकरिंगची कामं मिळायला लागलीत, पण कंपनीवाले स्क्रिप्ट देतात आणि म्हणतात, जरा पॉलिश करून घ्या. म्हणजे नक्की काय करायचं?"

बरेच जण पॉलिश म्हणजे भाषा नटवणं समजतात. दोन सुविचार घालायचे, एक चारोळी टाकायची, "सोनेरी क्षण" वगैरे शब्द पेरायचे. पण क्लायंट पुढच्या वर्षी परत बोलावतो तो चारोळीसाठी नाही. कार्यक्रम वेळेत संपला, कोणाचं नाव चुकलं नाही आणि मध्ये कुठे स्टेज रिकामं पडलं नाही, म्हणून बोलावतो. त्यामुळे पॉलिश करताना आधी घड्याळ बघायचं आणि भाषेकडे नंतर वळायचं. आज एक पूर्ण नमुना सोडवू. वही-पेन घेऊन बसा.

नमुना: चाकणची कंपनी, शनिवारची संध्याकाळ

समजा चाकणमधली ऑटो पार्ट्स बनवणारी कंपनी आहे. वार्षिक पुरस्कार सोहळा पुण्यात एका हॉलमध्ये आहे, साडेतीनशे माणसं येणार. साडेसहाला सुरू, साडेआठला जेवण, पावणेदहाला चाकणच्या बसेस सुटणार. एचआरने दिलेला कार्यक्रम असा:

- दीपप्रज्वलन आणि स्वागत: 10 मिनिटं
- पाहुण्यांचा सत्कार: 5
- एमडींचं भाषण: 10
- वर्षाच्या आढाव्याची फिल्म: 5
- 24 पुरस्कार: 40
- दोन नृत्यं: 10
- प्रमुख पाहुण्यांचं भाषण: 15
- दीर्घ सेवेचे सत्कार, 18 जण: 15
- आभार आणि राष्ट्रगीत: 10

बेरीज करा. बरोबर 120 मिनिटं, एकही मिनिट कमी-जास्त नाही. हीच पहिली धोक्याची खूण. हॉल दोन तासांचा म्हणून आकडे दोन तासांत कोंबलेले असतात, कोणी स्टॉपवॉच लावून काढलेले नसतात. आता आपण लावू.

एक पुरस्कार म्हणजे किती सेकंद?

अख्ख्या सोहळ्याचं गणित या एका प्रश्नावर उभं असतं. आधी स्वतःचा वेग मोजा. स्क्रिप्टचा कोणताही परिच्छेद स्टेजवर बोलता तसा मोठ्याने एक मिनिट वाचा आणि शब्द मोजा. मनातल्या मनात वाचलेलं चालणार नाही, तो वेग फार जास्त येतो. या नमुन्यात मिनिटाला 120 शब्द धरूया.

आता एका पुरस्काराचे तुकडे पाडा. विभागाचं नाव जाहीर करायला 10 सेकंद. मानपत्राचा मजकूर कंपनीने 90 शब्दांचा दिलाय, म्हणजे 45 सेकंद. नाव पुकारल्यावर माणूस आठव्या रांगेतून उठतो, शेजाऱ्याचे पाय चुकवतो, शर्ट नीट करतो आणि स्टेजवर येतो: 30 सेकंद. ट्रॉफी हातात देणं 10, फोटो 15, खाली उतरणं 10. एकूण 120 सेकंद, म्हणजे पूर्ण दोन मिनिटं. गुणिले 24 केले की 48 मिनिटं. शिवाय पुरस्कार देणारे पाहुणे चार वेळा बदलणार, त्याची 4 मिनिटं. झाली 52. एचआरच्या कागदावर होती 40.

बाकीचेही असेच मोजा. दीपप्रज्वलनाला पाच जणांची नावं आणि पदं घ्यायची, त्यांनी समईपर्यंत जायचं, पंख्याच्या वाऱ्याने एक वात विझणार, परत लावायची. स्वागत धरून 12 मिनिटं. चार पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे 6. एमडी 12. फिल्म पाच मिनिटांची, पण दिवे बंद होऊन परत लागेपर्यंत 6. दोन नृत्यं, स्टेज मोकळं करण्यासकट 12. प्रमुख पाहुण्यांना 15 मिनिटं सांगितलीत, तुम्ही 20 धरा. दीर्घ सेवेला मानपत्र नाही, म्हणून प्रत्येकी 75 सेकंद, 18 जणांची 23 मिनिटं. आभार आणि राष्ट्रगीत 7. त्यात राष्ट्रगीताची स्वतःची 52 सेकंदं आहेत आणि ती कमी होत नसतात.

एकूण 150 मिनिटं. सुरुवात दहा मिनिटं उशिरा होणार हे धरलं की 160. म्हणजे साडेआठचं जेवण नऊ वाजून दहा मिनिटांनी. पावणेदहाची बस पकडायची असलेला माणूस मग दीर्घ सेवेच्या सत्कारातच उठून बुफेच्या रांगेत उभा राहतो. आणि त्याच वेळी स्टेजवर पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या कोणाचं तरी नाव रिकाम्या खुर्च्यांसमोर पुकारलं जातं. आपल्याला टाळायचंय ते हे.

(हॉलऐवजी लॉन असेल तर आणखी एक भिंत आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर लावता येत नाही. सरकारने ठराविक दिवसांना दिलेली सवलत सणावारासाठी असते, कंपनीच्या सोहळ्यासाठी तिच्यावर विसंबू नका.)

चाळीस मिनिटं कुठून काढायची?

इथे नवीन अँकर एकच उपाय करतो: भरभर बोलतो. भरभर बोलून पाच-सात मिनिटं वाचतात, पण नावं चुकतात आणि लोकांना घाई कळते. खरी वेळ वाचते ती दोन कामं एकाच वेळी घडवून आणल्याने.

पुरस्कारांपासून सुरुवात करा. 24 पैकी 20 पुरस्कारांचे विजेते आधीच सगळ्यांना माहीत आहेत. त्यात गुपित काही नाही, मग आधी मानपत्र आणि शेवटी नाव हा क्रम कशाला? उलटा करा. विभाग आणि नाव आधी घ्या, आणि तो माणूस चालत येत असताना मानपत्र वाचा. स्टेजच्या डाव्या अंगाला तीन खुर्च्या ठेवा आणि पुढचे तीन विजेते तिथे आधीच आणून बसवायला एक स्वयंसेवक द्या. मानपत्र 90 वरून 35 शब्दांवर आणा. ते 18 सेकंदांत होतं, आणि तेवढ्यात तो माणूस पोचलेला असतो. मग नाव-विभाग 10, चालणं आणि मानपत्र एकत्र 18, ट्रॉफी 10, फोटो 12. तो उतरत असताना तुम्ही पुढचा विभाग जाहीर करताय. एकूण 50 सेकंद. वीस पुरस्कार 17 मिनिटांत.

उरलेले चार मोठे पुरस्कार मात्र तसेच ठेवा, पूर्ण दोन-दोन मिनिटं. तिथे उत्सुकता हवी. त्यांची 8 मिनिटं. पाहुणे बदलायला 3. एकूण 28, म्हणजे 52 मधली 24 मिनिटं सुटली.

मानपत्र कापताना काय ठेवायचं? विशेषणं काढा आणि केलेलं काम ठेवा. "अत्यंत मेहनती, कर्तव्यदक्ष आणि सर्वांशी मिळूनमिसळून वागणारे" हे चोवीस जणांबद्दल लिहिलेलं असतं. "मे महिन्यात प्रेस लाइन बंद पडली तेव्हा सलग दोन रात्री थांबून ती चालू केली" हे एकाच माणसाबद्दल खरं असतं. असं वाक्य मिळालं नसेल तर एचआरला नव्हे, त्या विभागाच्या सुपरवायझरला फोन करा. पाच मिनिटांत मिळतं.

आता दीर्घ सेवा. दहा वर्षांचे सात, पंधरा वर्षांचे सात आणि पंचवीस वर्षांचे चार जण आहेत. पहिल्या दोन गटांना एकत्र स्टेजवर बोलवा, पण प्रत्येकाचं पूर्ण नाव घ्या आणि सन्मानचिन्ह प्रत्येकाच्या हातात पडू द्या. फोटो मात्र गटाचा. एका गटाला साडेतीन मिनिटं. पंचवीस वर्षांच्या चौघांना एकेकट्याने बोलवा, 75 सेकंदांना हात लावू नका. एकूण 12 मिनिटं, 11 वाचली. आणि हा भाग शेवटून काढून मध्ये आणा, सगळे खुर्चीवर असताना.

एक नृत्य अगदी सुरुवातीला टाका, लोक जागा शोधत असताना. उशिराची दहा मिनिटं त्यात जिरतात. म्हणजे आणखी 6 सुटली. आता बेरीज 119.

थांबा, इथे खूश होऊ नका. 120 मध्ये 119 म्हणजे एक मिनिटाची सवड, म्हणजे सवड नाहीच. आता स्क्रिप्टमधून आणखी पिळून काही निघत नाही, क्लायंटशी बोलायचं. त्यांना सांगा, "सर, पत्रिकेवर जेवण 8:45 छापा. बसेस 9:45 लाच राहू दे, जेवायला पूर्ण तास मिळतो." पाहुण्यांचं भाषण कापा म्हणण्यापेक्षा हे मान्य होणं सोपं असतं. आता हाताशी 16 मिनिटं आहेत.

जोडवाक्यं: दोन गोष्टींच्या मधली जागा

वेळ बसली, आता भाषेकडे येऊ. बहुतेक स्क्रिप्टमध्ये जोडवाक्य एकच असतं: "यानंतर मी विनंती करते की..." दोन तासांत ते तीस वेळा येतं. ते वाईट यासाठी की ऐकणाऱ्याला पुढचं का ऐकायचं हे त्यातून कळत नाही.

चांगलं जोडवाक्य झालेल्या गोष्टीतलं काहीतरी उचलतं आणि पुढच्या गोष्टीच्या दारात नेऊन ठेवतं. फिल्म संपून पुरस्कार सुरू होतायत. स्क्रिप्टमध्ये असं होतं:

"किती सुंदर फिल्म होती ना? जोरदार टाळ्या! यानंतर आपण पुरस्कार वितरण सोहळ्याकडे वळूया."

हे असं करता येईल:

"या फिल्ममध्ये नवी लाइन सुरू होताना दिसली. ती सुरू करणारे हात मात्र कॅमेऱ्याच्या मागे राहिले. आता ते हात पुढे येणार आहेत. पहिला विभाग, उत्पादन."

चोवीस शब्द, बारा सेकंद. आणि "उत्पादन" म्हणेपर्यंत पहिला विजेता खुर्चीतून उठलेला आहे.

जोडवाक्याची लांबी मनाला येईल तशी ठरवू नका. त्या वेळी स्टेजवर जे काम चाललंय तेवढीच ती हवी. नृत्यानंतर स्टेज मोकळं करून ट्रॉफीचं टेबल आणायला 40 सेकंद लागतात ना, मग तिथे 80 शब्दांचं बोलणं लिहा. एका पुरस्कारातून दुसऱ्यात जाताना काहीच काम नाही, तिथे जोडवाक्य लिहूच नका. सरळ पुढचा विभाग. तालमीच्या दिवशी साउंडवाल्याला आणि बॅकस्टेजच्या पोरांना विचारा, "हे हलवायला किती वेळ?" आणि तो आकडा स्क्रिप्टच्या समासात लिहा. आकडा मोठा आणि वाक्य छोटं असेल तर तिथे तुम्ही हमखास "हॅलो, माइक चेक" करत उभे राहणार.

सगळ्यात अवघड जागा भाषणानंतरची. स्क्रिप्टमध्ये आधीच लिहिलेलं असतं, "सरांनी अतिशय मोलाचं मार्गदर्शन केलं." सर काय बोलणार हे माहीत नसताना हे लिहिलंय, आणि सभागृहालाही ते कळतं. त्याऐवजी तिथे रिकामी जागा ठेवा:

"सरांनी आत्ता एक शब्द वापरला: ______. हा शब्द कोणाला लागू पडतो, ते आता या चार पाकिटांत आहे."

भाषण चालू असताना फोन बघू नका. ऐका आणि एक शब्द कागदावर उतरवा. पुण्यात सुधीर गाडगीळांसारख्या निवेदकांना ऐकत मोठं झालेलं प्रेक्षागृह असतं. निवेदक खरंच ऐकत होता की नाही हे त्यांना लगेच समजतं.

भाषेचा एक मुद्दा. चाकणच्या कंपनीत शॉप फ्लोअर मराठी-हिंदी, मॅनेजमेंट इंग्रजी, कधी एखादे पाहुणे परदेशी. अशा वेळी एचआर म्हणतं, सगळं दोन्ही भाषांत बोला. प्रत्येक वाक्याचं भाषांतर म्हणजे तुमच्या बोलण्याची वेळ दुप्पट. त्यापेक्षा वाटणी करा: जोडवाक्यं मराठीत, विभागाचं नाव इंग्रजीत स्क्रीनवर, आणि मानपत्र त्या माणसाला कळेल त्या भाषेत. आईवडील समोर बसलेत आणि मुलाबद्दल काय म्हटलं ते त्यांना कळलं नाही, असं होऊ देऊ नका.

नावं आणि पाकिटं

स्क्रिप्टमधली सगळी नावं देवनागरीत लिहा. इंग्रजीतल्या "Kale"चा काळे आणि काले दोन्ही होतो, "Mane"चा माने की मणे हे कागद सांगत नाही. शंका असली की त्या माणसालाच विचारा, "तुमचं नाव कसं म्हणता?" नंतर कंसात सूचना न लिहिता नावच तसं लिहा. आणि पद चेक करा. मार्चमध्ये बढती मिळालेल्या माणसाचं जुनं पद यादीत राहिलेलं असतं.

पुरस्कार कोणाच्या नावाने असेल तर ते नाव का दिलंय याचं एक वाक्य ठेवा. मराठा चेंबरच्या पुरस्कारांत पारखे, रमाबाई जोशी अशी नावं आहेत. कंपनीतही संस्थापकांच्या नावाचा पुरस्कार असतो, आणि नव्या पोरांना ते कोण हे माहीत नसतं.

चार मोठ्या पुरस्कारांची पाकिटं नीट सांभाळा. 26 फेब्रुवारी 2017 ला ऑस्करच्या स्टेजवर वॉरन बीटी आणि फे डनवे यांच्या हातात चुकीचं पाकीट गेलं, आणि 'मूनलाइट'ऐवजी 'ला ला लँड'चं नाव पुकारलं गेलं. प्रत्येक पाकिटाचे दोन संच होते, आणि आधीच्या पुरस्काराचा शिल्लक राहिलेला दुसरा पाहुण्यांच्या हातात पडला. यातून आपल्यासाठी दोन गोष्टी. पाकिटावर बाहेरून विभागाचं नाव मोठ्या अक्षरात असू द्या, आणि आतल्या कार्डवर विजेत्याचं नाव सगळ्यात मोठं, विभागाचं नावही दिसेल असं, कंपनीचा लोगो लहान. आणि एका पुरस्काराचं एकच पाकीट. निकालाची एक यादी एचआरच्या एका व्यक्तीकडे स्टेजजवळ ठेवा. चुकीचं नाव पुकारलं तर तिने लगेच पुढे यायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या.

शेवटची स्क्रिप्ट कशी दिसते?

"10 मिनिटं, 6 मिनिटं" अशी नाही. कार्यक्रम चालू असताना बेरीज करायला कोणाला सुचतं? घड्याळाची वेळ लिहा:

- 6:30 पहिलं नृत्य, लोक बसतायत
- 6:40 दीपप्रज्वलन, स्वागत
- 6:52 सत्कार
- 6:58 एमडी
- 7:10 फिल्म
- 7:16 वीस पुरस्कार
- 7:36 दुसरं नृत्य
- 7:42 दीर्घ सेवा
- 7:54 प्रमुख पाहुणे
- 8:14 चार मोठे पुरस्कार
- 8:22 आभार, राष्ट्रगीत
- 8:29 समाप्त
- 8:45 जेवण

यातल्या तीन वेळांना लाल गोल करा: 7:16, 7:54 आणि 8:14. तिथे घड्याळ बघायचंच. पहिल्या गोलाला आठ मिनिटांपेक्षा जास्त उशीर असेल तर कापायला सुरुवात करा, कारण अर्धी सवड संपलेली आहे आणि मोठं भाषण अजून पुढे आहे.

काय कापायचं ते स्टेजवर ठरवू नका. क्लायंटबरोबर बसून आधीच ठरवा आणि स्क्रिप्टमध्ये त्या ओळींना बाजूला रेघ मारा. या नमुन्यात क्रम असा: आधी माझी लांब जोडवाक्यं, मग दुसरं नृत्य, मग आभाराची लांबलचक यादी. जिथे कधीच रेघ मारायची नाही ते म्हणजे कोणाचं नाव आणि त्याचा फोटो. ज्याने पंचवीस वर्षं दिलीत त्याची 75 सेकंदं वाचवून तुम्ही कोणाचंच भलं करत नाही.

आता धंद्याचं बोलू. हे सगळं काम म्हणजे वाचन, फोन, मोजणी, क्लायंटबरोबर बैठक. ते "अँकरिंगच्या फीमध्ये आलंच" असं समजू नका. कोटेशनमध्ये स्क्रिप्टचं काम वेगळ्या ओळीत दाखवा, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्यात धरा आणि लिहा की कार्यक्रमाच्या 24 तास आधी स्क्रिप्ट पक्की होईल. त्यानंतर नाव बदललं तर बदलू, क्रम बदलणार नाही. आणि पहिल्या बैठकीला ही 150 विरुद्ध 120 ची बेरीज कागदावर घेऊन जा. तुम्हाला वेगळे पैसे का द्यायचे, हे क्लायंटला त्या एका कागदावरून कळतं.

गृहपाठ: तुमच्याकडे असलेली कोणतीही जुनी स्क्रिप्ट घ्या, एका पुरस्काराचे असेच सेकंदांत तुकडे पाडा आणि आकडा कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच दोन स्क्रिप्ट घेऊन आपण प्रत्यक्ष कापायला बसू.